कुत्रा-मांजर युरोपात नेताना: आधी चिप, मग लस

पाळीव कुत्रा किंवा मांजर घेऊन युरोपीय संघातल्या देशात जायचं असेल, तर कागदपत्रं किती आहेत यापेक्षा ती कोणत्या क्रमाने झाली याला जास्त महत्त्व आहे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

पहिली पायरी मायक्रोचिप. आयएसओ मानकाची, १५ अंकी. रेबीजची लस चिप बसवल्यानंतरच टोचलेली हवी. एकाच दिवशी दोन्ही चालतं, पण चिप आधी. लस देताना प्राण्याचं वय किमान १२ आठवडे हवं. चिप नसताना दिलेली लस प्राण्याला वाचवते, कागदावर मात्र ती दिलीच नाही असं धरतात.

समजा, कुत्र्याला ५ जानेवारीला लस दिली आणि चिप २० जानेवारीला बसवली. ५ तारखेची नोंद बाद. म्हणून २० तारखेलाच चिपनंतर पुन्हा लस घ्यायची. रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांची युरोपीय संघाची एक यादी आहे; त्या यादीतल्या देशातून निघालात तर पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबलं की झालं. यादीबाहेरच्या देशातून निघणाऱ्यांना मात्र रक्ततपासणी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी, म्हणजे १९ फेब्रुवारी किंवा त्यानंतर रक्त काढायचं आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच पाठवायचं. प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आययू किंवा अधिक हवं. पुढचे तीन महिने मोजायचे ते रक्त काढल्याच्या तारखेपासून, अहवाल आल्यापासून नाही. १९ फेब्रुवारीला रक्त दिलं तर १९ मेनंतरचं तिकीट काढा.

बूस्टर मुदत संपण्याआधी घेत राहिलात तर हा अहवाल पुढच्या प्रवासांनाही चालतो. एक दिवस जरी उशीर झाला तरी पुढची लस 'पहिली' ठरते आणि सगळं नव्याने. जपानसारख्या देशात तर रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं, तेव्हा दुसऱ्याचं वेळापत्रक उचलू नका.

आरोग्य प्रमाणपत्र शेवटी. सरकारी पशुवैद्यकाने सही केल्यापासून १० दिवसांत युरोपात पोहोचायचं असतं, म्हणून ते फार आधी करून ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक वेळी, लसीच्या आणि रक्ताच्याही, डॉक्टरांना स्कॅनर फिरवायला सांगा आणि पडद्यावरचा आकडा लसपुस्तिकेतल्या स्टिकरशी स्वतः ताडून पाहा. एक अंक चुकला की प्राणी वेगळा आणि कागद वेगळा.

विमान कंपनीचे नियम हा निराळाच मामला. केबिनमध्ये न्यायचं तर पिशवीसकट वजनाची मर्यादा असते, ती कंपनीगणिक बदलते. सामानाच्या कप्प्यातून न्यायचं तर पेटीत प्राण्याला सरळ उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. कान छताला टेकले तर पेटी लहान आहे. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जाती श्वासाच्या त्रासामुळे काही कंपन्या घेतच नाहीत, हे तिकिटाआधी विचारा. शांत राहावा म्हणून गुंगीचं औषध द्यायचा मोह टाळा. गुंगीतला प्राणी विमान कंपन्या सहसा स्वीकारत नाहीत. त्यापेक्षा महिनाभर आधीपासून पेटी घरात उघडी ठेवा आणि जेवण तिच्यातच द्या.