पंधरा फ्रेम कुणाला पुरल्या आणि शंभर कुणाला कमी पडल्या

सांगलीत विश्रामबागला 2005 च्या आसपास आम्ही एका गेमिंग कॅफेत जायचो. दहा मशीन, सगळी एकाच दिवशी घेतलेली, सगळ्यांना सतरा इंची जाड डब्याचे मॉनिटर. एका रांगेत वरून बघत गावं वसवून लढाया करायच्या एज ऑफ एम्पायर्सवाली पोरं आणि दुसऱ्या रांगेत पात्राच्या डोळ्यातून बघत गोळ्या झाडायच्या काउंटर स्ट्राइक 1.6 या शूटरवाली. एम्पायर्सवाल्यांनी मशीनबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही, शेवटी शेवटी दोनशे-तीनशे युनिट जमून गेम जड व्हायचा तरी ती शांतपणे भडंग खात खेळत बसायची. स्ट्राइकवाल्यांत मात्र चार नंबरच्या मशीनसाठी रोज भांडण. त्यावर गेम "हलका" चालतो म्हणायचे सगळे, आणि खरंच चालायचा. त्याचं कारण पुढं सांगतो, पण एकाच ताकदीचं मशीन एकाला भरपूर आणि दुसऱ्याला अपुरं का वाटतं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आधी ते सिनेमाचं काढून टाकू, कारण प्रत्येक वादात कुणीतरी म्हणतंच की पिक्चर 24 फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला 24 चित्रांचा असतो आणि तो तर मस्त दिसतो. बोलपट आले तेव्हा, 1920 च्या दशकाच्या शेवटी, 24 हा आकडा ठरला. फिल्म महाग, त्यामुळं फिल्म कमीत कमी जाईल पण आवाज नीट उमटेल असा वेग हवा होता. डोळ्याची मर्यादा मोजून ठरवलेला आकडा नाही तो. शिवाय कॅमेऱ्यात हलणारी वस्तू थोडी पुसट उमटते, त्यामुळं दोन फ्रेममधली फट झाकली जाते. आणि मुख्य म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, त्यानं मान वळवली म्हणून पडद्यावरचं चित्र वळत नाही. गेममध्ये वळतं. सगळा फरक तिथं आहे.

आता 1993 चा डूम हा शूटर बघा. त्याची फ्रेम 35 च्या वर जातच नव्हती, कितीही भारी मशीन आणलं तरी. डूम ज्या 320 गुणिले 200 च्या मोडमध्ये चालायचा त्यात मॉनिटर सेकंदाला 70 वेळा रंगायचा, आणि त्याच्या निम्मे म्हणजे 35. गेमचं आतलं घड्याळही सेकंदाला 35 टिकवरच चालायचं. म्हणजे शूटरसाठी पहिला "पुरेसा" आकडा असा मॉनिटरच्या हिशोबातून आला आणि तेव्हाच्या बऱ्याच मशीनला तोही झेपायचा नाही. लोक तेव्हा बहुतेक कीबोर्डवरच खेळायचे, वळायचा वेग ठरलेला, म्हणून 35 चाललं. माउसनं बघायची सवय लागली, हात झटकला की मान गर्रकन फिरायला लागली, आणि 35 तोकडे पडायला लागले.

हे जरा आकड्यात मांडतो, सोपं आहे. समजा तुम्ही पाव सेकंदात 90 अंश वळलात, मागून पावलं ऐकू आली की असंच वळतो आपण. म्हणजे वेग सेकंदाला 360 अंश. 30 फ्रेमवर दर फ्रेमला चित्र 12 अंश उडी मारतं, 60 वर 6 अंश, 100 वर 3.6 अंश. काउंटर स्ट्राइकमध्ये समोरचा 90 अंशाचा देखावा 800 पिक्सेल रुंदीत बसवला तर मधोमध 12 अंश म्हणजे साधारण 84 पिक्सेल होतात. लांब उभ्या असलेल्या गड्याचं डोकं त्या पडद्यावर जेमतेम पाच-सहा पिक्सेलचं. म्हणजे 30 वर वळताना तो गडी एका फ्रेमला डावीकडं असतो आणि पुढच्या फ्रेमला तुमच्या निशाण्याच्या पलीकडं, मधे कुठं होता ते तुम्हाला दाखवलंच नाही, हात कुठं थांबवायचा हे मग अंदाजानं. 100 वर हीच उडी 25 पिक्सेलची होते आणि डोळा तिचा माग काढू शकतो.

एज ऑफ एम्पायर्समध्ये हाच हिशोब केला तर गावकरी सेकंदाला चाळीस-पन्नास पिक्सेल चालतो, 15 फ्रेमवर सुद्धा दर फ्रेमला तीनेक पिक्सेल. उडी कसली, सरकतो तो. त्रास होतो तो फक्त माउस कडेला नेऊन नकाशा ओढताना, तेव्हा सगळं चित्रच हलतं म्हणून.

आणि हे 15 मी मनचं सांगत नाही. 1997 चा पहिला एज ऑफ एम्पायर्स बनवताना त्या टीमनं ठरवलेलं कमीत कमी लक्ष्यच 15 फ्रेमचं होतं, पेंटियम 90, 16 एमबी रॅम आणि 28.8 चा मोडेम एवढ्यावर. पॉल बेट्नर आणि मार्क टेरानो यांनी 2001 मध्ये यावर सविस्तर लिहिलं, आणि माझ्या मते फ्रेम रेटच्या इतिहासातलं ते सगळ्यात प्रामाणिक लिखाण आहे, कारण त्यांनी आकडा कुठून आला ते उघड सांगितलं. शेकडो युनिटची जागा मोडेमवरून पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळ्या मशीनवर एकच गेम समांतर चालवायचा आणि फक्त हुकूम पाठवायचे. गेमचे साधारण 200 मिलिसेकंदांचे डाव पाडले, आणि या डावात दिलेला हुकूम दोन डावांनंतर सगळीकडं एकदम अमलात यायचा. म्हणजे तुम्ही धनुर्धाऱ्याला "जा" म्हटलं की तो निघणार चारेकशे मिलिसेकंदांनी. आता 15 फ्रेमवर एक फ्रेम 67 मिलिसेकंदांची. ती 10 मिलिसेकंदांची केली तरी त्या चारशेपुढं खेळणाऱ्याच्या हाताला काय कळणार?

त्यांच्या चाचण्यांत निघालं ते असं की हुकुमाला 250 मिलिसेकंद उशीर झाला तर कुणाच्या लक्षातही आलं नाही, 250 ते 500 मध्ये आरामात खेळता आलं, आणि 500 च्या पुढं जाणवायला लागलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला ही वाटते, की उशीर कायम 500 चा असला तर लोक त्याची लय पकडून खेळत होते, पण कधी 80 कधी 500 असं झालं की गेम खराब वाटायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, शूटरवाल्यांना तो कळायला अजून दहा वर्षं लागली.

2006 मध्ये मार्क आणि कजल क्लेपूल या संशोधकांनी हेच वेगवेगळ्या प्रकारच्या गेमवर मांडलं, खेळणारा गेमकडं कुठून बघतो त्यावरून. पात्राच्या डोळ्यातून बघत असेल तर साधारण 100 मिलिसेकंदांच्या उशिरानंतर खेळ बिघडायला लागतो, पात्राच्या पाठीमागून बघत असेल तर 500, आणि वरून देवासारखा सगळं बघत असेल तर 1000. हे नेटवर्कच्या उशिराबद्दल आहे, फ्रेमबद्दल थेट नाही, पण फ्रेमची वाट बघणं हाही उशीरच की. शंभरातले 33 मिलिसेकंद 30 फ्रेमवरच्या एका फ्रेमनं खाल्ले तर ते मोठं नुकसान, हजारातले 33 गेले तर काही नाही.

आता चार नंबरचं मशीन. आमच्यातल्या एका सीनियरनं एकदा गेममधली हुकूम टायपायची कन्सोल खिडकी उघडून फ्रेमचा आकडा दाखवणारं `net_graph 3` टाकलं, सगळ्या मशीनवर आकडा 99-100 च. कारण सगळ्यांनीच एकमेकांचं बघून हे लिहून ठेवलेलं:

```
fps_max 101
gl_vsync 0
```

म्हणजे फ्रेमची कमाल मर्यादा 101 आणि चित्र मॉनिटरसाठी थांबवून ठेवायचं नाही. मग त्यानं गेम चालू असतानाच मॉनिटरचं मेनूचं बटण दाबलं. बाकी नऊवर 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 वेळा रंगणं, आणि चारवर 100. विंडोज एक्सपीची ही जुनी खोड होती, डेस्कटॉप तुम्ही 85 किंवा 100 वर ठेवला तरी पूर्ण पडद्याचा गेम उघडला की गाडी परत 60 वर. चार नंबरवर कुणीतरी गेमच्या शॉर्टकटमध्ये `-freq 100` लिहून ठेवलेलं, एवढंच. बाकीच्या मशीन सेकंदाला शंभर चित्रं बनवत होत्या आणि मॉनिटर साठच वेळा रंगत होता, त्यामुळं एका रंगण्यात दोन चित्रांचे तुकडे यायचे आणि जोरात वळलं की भिंतीची कड मधेच तुटलेली दिसायची. ती तुटकी कड हीच खूण, आकडा चांगला दिसतो पण पडद्यावर पोचत नाही याची. नऊ मशीनचे शॉर्टकट बदलायला दहा मिनिटं लागली आणि भांडण संपलं.

नंतर तो जाड डबा गेला आणि सपाट मॉनिटर आले, ते जवळपास सगळे 60 हर्ट्झचे, म्हणजे शूटरवाले काही वर्षं चक्क मागं गेले. 2009 च्या सुमाराला 120 हर्ट्झचे आणि 2012 ला 144 चे सपाट मॉनिटर आले तेव्हा कुठं ते परत जागेवर आले. प्लेस्टेशन-एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवाल्यांचा आकडा मात्र टीव्हीला बांधलेला, 60 झेपलं नाही तर थेट 30, कारण 60 हर्ट्झच्या टीव्हीवर 40 फ्रेम समान अंतरानं बसतच नाहीत, एक फ्रेम एकदा रंगणार आणि पुढची दोनदा. गोष्टीचे, हिंडायचे गेम म्हणून 30 वर राहिले आणि रेसिंग-फायटिंगवाले 60 साठी झगडत राहिले.

एम्पायर्सवाल्यांची ती लयीची गोष्ट शूटरपर्यंत पोचली 2011 मध्ये. टेक रिपोर्ट या वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाला किती फ्रेम हे मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजून छापायला सुरुवात केली. समजा एका सेकंदात 54 फ्रेम 13 मिलिसेकंदांच्या आणि 6 फ्रेम 50 च्या. बेरीज 702 आणि 300, म्हणजे जवळपास एक सेकंद, सरासरी 60, कागदावर छान. पण सेकंदाला सहा वेळा गेम 20 फ्रेमच्या वेगानं गचका देतोय, आणि माणूस मरतो तो नेमका त्या गचक्यात, कारण समोरून दोघं आले, धूर झाला, भिंत फुटली की मशीनवर लोड येतो आणि गचकाही तेव्हाच बसतो. आज टेस्टमध्ये "1% लो" म्हणून सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा जो आकडा देतात तो याच विचारातून आलाय आणि शूटरसाठी मी आधी तोच बघतो, सरासरी नंतर.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला भाच्याच्या लॅपटॉपवर हेच करून बघितलं. 144 हर्ट्झचा पडदा आणि व्हॅलोरंट हा शूटर मोकळा सोडला की सुरुवातीला 140 दाखवायचा, वीस मिनिटांनी तापला की 75 ते 130 च्या मधे हेलकावे. "मामा, पहिली मॅच भारी जाते आणि दुसरीत हात जड होतो," असं म्हणायचा तो. हात जड झाला नव्हता, फ्रेम वर-खाली होत होत्या. कमाल मर्यादा 100 ला बांधली, शॅडो आणि डिटेल खाली आणले, लॅपटॉपच्या मागं पुस्तक लावून हवा मोकळी केली, तर तासाभरानंतर सुद्धा 95 च्या खाली क्वचितच गेला. पडद्याचे 44 वाया गेले असं त्याला वाटत होतं, म्हणून दोन्ही प्रकारे एकेक संध्याकाळ खेळायला लावला. मर्यादा त्यानं परत काढली नाही. सिव्हिलायझेशन हा पाळीपाळीनं खेळायचा गेम त्याच लॅपटॉपवर आता 40 ला बांधलाय, पंखा जवळपास बंद असतो आणि रात्री अकरानंतर आजी ओरडत नाहीत.