३३० ला घाबरतो आणि ११० पिऊन टाकतो, असं का झालं?

चवथीला पाहुणे येणार म्हणून आमच्याकडे गोव्यात घराघरात ऑरेंज स्क्वॉशची बाटली येते, आणि मागचं बारीक अक्षर कोणी वाचलंच तर त्यात घातलेल्या पदार्थांच्या नंबरांत नेमकं ३३० बघून दचकतं, कारण व्हॉट्सॲपवरच्या यादीत ३३० म्हणजे कॅन्सर असं लिहिलेलं असतं. ही भीती व्हॉट्सॲपपेक्षा खूप जुनी आहे. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये टाइप केलेला एक कागद झेरॉक्स होत फिरायला लागला, त्यावर व्हिलज्विफच्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव होतं, हॉस्पिटलनं हे आमचं नाही म्हणून सांगितलं तरी तो काही थांबला नाही. त्यात सगळ्यात घातक ठरवलेलं ३३०, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच!

खाण्यात मिसळायच्या अशा पदार्थांचे नंबर सुरू झाले १९६२ ला युरोपात, आधी रंगांना, मग प्रिझर्व्हेटिव्हना, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर बरेच नंतर. १९८९ ला कोडेक्स या खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या संस्थेनं हीच पद्धत आयएनएस म्हणून जगासाठी घेतली, आपल्या पाकिटांवर तीच. साधारण १०० च्या घरात रंग, २०० च्या घरात प्रिझर्व्हेटिव्ह, ४०० च्या घरात दाटपणा आणणारे आणि इमल्सिफायर. नंबर म्हणजे फक्त ओळख, हळदीतल्या पिवळ्या रंगाचा नंबरही १०० च आहे.

आता बाटलीवर ३३०, ४१५, २११, ११० असं असेल तर ३३० आंबटपणासाठी, ४१५ म्हणजे झँथन गम, गर तळाला बसू नये म्हणून, ह्या दोघांची काळजी नको. २११ सोडियम बेंझोएट, आंबट पेयात यीस्ट-बुरशी वाढू देत नाही, म्हणजे त्याला काम तरी आहे. ११० सनसेट यलो मात्र नुसता दिसण्यासाठी, आणि लहान मुलं असतील तर लक्ष इथंच द्यायचं.

२००७ ला इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या मुलांना रंग आणि २११ घातलेलं पेय दिलं, तर काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. परिणाम छोटा होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे नेमका दोष कुणाचा ते वेगळं काढता आलं नाही, हे पण सांगायलाच हवं. तरी युरोपनं २०१० पासून १०२, १०४, ११०, १२२, १२४, १२९ असलेल्या खाण्यावर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना सक्तीची केली. यातले १०२, ११०, १२२ आणि १२४ आपल्याकडे चालतात, पण इथल्या लेबलवर परवानगी असलेला सिंथेटिक रंग आहे एवढंच येतं, मुलांबद्दल काही नाही. म्हणून मुलांसाठी घेताना मी हे चार नंबर शोधते, बाकीची यादी नंतर.

आणि जत्रेतल्या गाड्यावर तर लेबलच नसतं. म्हापसा नगरपालिकेनं २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनचे गाडे बंद करायचं ठरवलं तेव्हा स्वच्छतेबरोबर सिंथेटिक रंगाचाही मुद्दा होता, तिथं कुठला रंग आणि किती घातलाय हे गिऱ्हाइकाला कळायची काही सोयच नाही.