अनोळखी नंबरला आपल्याऐवजी ‘हॅलो’ म्हणणारा फोन: हे इथपर्यंत आलं कसं

मागच्या महिन्यात आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा लॅबमधल्या ताईंनी दादाच्या नंबरवर फोन केला. दादाने नवीन फोनमध्ये कॉल स्क्रीनिंग नुकतंच चालू केलं होतं, त्यामुळे रिंग वाजलीच नाही, फोननेच कॉल उचलला आणि इंग्रजीत विचारलं की नाव सांगा, काम सांगा. ताई म्हणाल्या "हॅलो... हॅलो... अहो लॅबमधनं बोलतेय", जरा थांबल्या आणि कट केला. दादाच्या स्क्रीनवर त्या मराठीचं भलतंच काहीतरी इंग्रजी उमटलं होतं, त्याला वाटलं स्पॅम असणार. पोटॅशियम वाढलंय हे आम्हाला संध्याकाळी कळलं, तेही ताईंनी न कंटाळता परत फोन केला म्हणून.

तेव्हापासून हा प्रकार नेमका आला कुठून हे मी शोधत बसलेय, आणि गोष्ट बरीच जुनी निघाली.

सुरुवात अमेरिकेत, घरातल्या आन्सरिंग मशीनपासून. तिथे कित्येक वर्षं टेलिफोन कंपनीच्या लाइनला बाहेरचं यंत्र जोडायची परवानगीच नव्हती, १९६८ मध्ये कार्टरफोन नावाच्या उपकरणाच्या केसमध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने ती बंदी मोडली आणि मग बाहेरच्या कंपन्यांना रान मोकळं झालं. १९७१ मध्ये फोनमेट ४०० हे मशीन आलं, वजन साडेचार किलोच्या आसपास, आत टेपचं रीळ, वीसेक निरोप मावायचे. ते बनवलं होतं घरी नसताना निरोप घ्यायला. पण लोकांनी अशा मशीनचा वेगळाच उपयोग काढला: घरी असूनही फोन उचलायचा नाही, मशीनला उचलू द्यायचं, समोरचा बोलायला लागला की स्पीकरवर ऐकायचं, मावशी असेल तर धावत जाऊन रिसीव्हर उचलायचा आणि विमा एजंट असेल तर बोलू द्यायचं. कॉल स्क्रीनिंग म्हणजे मुळात हेच. यात ऐकणारा कान माणसाचा होता, मशीन फक्त दार उघडून उभं राहायचं. आपल्याकडे हे मशीन घरोघरी कधी आलंच नाही, त्यामुळे ही सवय आपल्याला माहीतच नाही, आपण मिस्ड कॉलवाले.

नंतर व्हॉइसमेल आला आणि रेकॉर्डिंग घरातून उठून कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये गेलं, म्हणजे निरोप राहायचा पण समोरचा बोलत असताना ऐकायची सोय गेली. तिची जागा घेतली कॉलर आयडीने. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या शांततेत एक छोटा मोडेमसारखा सिग्नल पाठवून फोन करणाऱ्याचा नंबर डबीवर दाखवायला लागले. आज गंमत वाटेल, पण तेव्हा यावर मोठा वाद झाला, १९९० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या एका कोर्टाने तर हे फोन टॅपिंगच्या कायद्याविरुद्ध आहे असं ठरवलं, कारण फोन करणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचा नंबर उघड होतो. नुसता नंबर, बरं का. आज फोन समोरच्याचं अख्खं बोलणं लिहून काढतो तेव्हा मला हा निकाल आठवतो, आणि त्या लोकांची काळजी अगदी रास्त होती असं वाटतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळी राखण नंबरावरच चालली. अमेरिकेत २००३ मध्ये डू नॉट कॉल रजिस्टर आलं, आपल्याकडे २००७ मध्ये तशीच यादी आली, मग १९०९ वर डीएनडी, जाहिरातवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर. २००९ मध्ये स्टॉकहोममध्ये ट्रूकॉलर निघालं, जे नंतर भारतातच सगळ्यात जास्त वापरलं गेलं. हे सगळं एकाच गृहीतकावर उभं होतं की स्क्रीनवर दिसतोय तो नंबर खरा आहे. इंटरनेटवरून कॉल लावणं स्वस्त झालं तसं ते गृहीतक ढासळलं, कारण तिथे कुठला नंबर दाखवायचा हे फोन लावणाराच भरू शकतो, आणि मग तुमच्याच भागातल्या नंबरसारखा दिसणारा खोटा नंबर दाखवायचा धंदा सुरू झाला. खोट्या नंबरला ब्लॉक करून काय होणार, उद्या दुसरा.

यावर एक मस्त तोडगा २०१३ मध्ये निघाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने रोबोकॉल, म्हणजे यंत्राने लावलेले रेकॉर्डिंगचे फोन, थांबवायची स्पर्धा ठेवली होती, त्यात दोघांना प्रत्येकी २५ हजार डॉलर मिळाले, त्यातला एक ॲरन फॉस, त्याचं नोमोरोबो. त्याची युक्ती अशी की फोन आला की तो तुमच्या घरी आणि त्याच्या सर्व्हरवर एकदमच वाजायचा, सर्व्हर नंबर तपासायचा आणि बदमाश असेल तर तुमच्याआधी स्वतःच उचलून टाकायचा. घरात एकच रिंग वाजून बंद. म्हणजे आपल्याऐवजी यंत्राने फोन घ्यायचा ही कल्पना परत आली, पण निर्णय अजून नंबर आणि कॉल कसे लागतायत यावरच होता, बोलणं कोणी ऐकत नव्हतं.

ऐकणं परत आलं ऑक्टोबर २०१८ मध्ये, गूगलच्या पिक्सेल ३ बरोबर. अनोळखी फोन वाजला की स्क्रीनवर एक बटण, ते दाबलं की फोन कॉल उचलतो, समोरच्याला सांगतो की ही स्क्रीनिंगची सेवा आहे, या बोलण्याची प्रत तुम्ही ज्यांना फोन केलाय त्यांना मिळेल, आता नाव आणि काम सांगा. समोरचा बोलेल ते तुमच्यापुढे अक्षरांत उमटत जातं. जुनं टेपचं मशीनच हे, फक्त स्पीकरच्या जागी अक्षरं. ती प्रतीची सूचना मला महत्त्वाची वाटते, कारण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात खासगी बोलणं रेकॉर्ड करायला दोन्ही बाजूंची संमती लागते. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये बटणही गेलं, ठरवलेल्या प्रकारचे कॉल (स्पॅम, खोटा वाटणारा नंबर, पहिल्यांदाच येणारा, लपवलेला) फोन आपणहून उचलायला लागला, रोबोट वाटला तर स्वतःच कट करतो, माणूस वाटला तरच तुमची रिंग वाजवतो. इथे पहिल्यांदा कान माणसाचा राहिला नाही. ॲपलने २०२३ मध्ये लाइव्ह व्हॉइसमेल आणलं, ज्यात समोरचा निरोप ठेवत असतानाच तो अक्षरांत दिसतो, आणि २०२५ मध्ये आयओएस २६ मध्ये नाव-काम विचारणारं स्क्रीनिंग.

आता हे काम करतं कसं, तर सगळ्यात आधी बघायचं की ऐकतंय कोण आणि कुठे. पिक्सेलच्या पद्धतीत बोलण्याची अक्षरं फोनच्या आतच होतात, त्यासाठी नेटसुद्धा लागत नाही. ट्रूकॉलर असिस्टंटसारख्या सेवेत, जी भारतात २०२३ मध्ये आली, तुम्ही न घेतलेला कॉल फॉरवर्ड होऊन त्यांच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथलं यंत्र बोलतं. हे फॉरवर्डिंग म्हणजे मोबाइलमध्ये पहिल्यापासून असलेलीच सोय, बिझी असताना कॉल कुठे जातो हे `*#67#` डायल करून दिसतं, सगळं रद्द करायचं तर `##002#`. एकदा बघून ठेवा, कारण ठगही हीच सोय वापरतात, बोलता बोलता तुमच्याकडून एखादा कोड डायल करून घेतात आणि मग तुमच्या बँकेचा ओटीपीचा कॉल त्यांच्याकडे वाजतो. त्यामुळेच एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार खात्याने `*401#` वाली फॉरवर्डिंगची सोय बंद करायला लावली.

आणि एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेली ती स्पॅमची सूचना मात्र वेगळी, ती बोलणं ऐकत नाही, एका नंबरवरून किती कॉल जातात, किती वेळ टिकतात अशी वागणूक बघते. लोक या दोन्हीची सरमिसळ करतात.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे ऐकायचं काम समोरचं यंत्रही करत असतं. टेलिकॉलिंगचं डायलर एकाच वेळी बरेच नंबर लावतं आणि जो उचलेल त्याला रिकाम्या एजंटकडे जोडतं, म्हणून तर आपण हॅलो म्हटल्यावर एक-दोन सेकंद शांतता असते आणि मग गलका ऐकू येतो. माणसाने उचललंय की मशीनने हे ते डायलर सुरुवातीच्या बोलण्याच्या लांबीवरून ओळखायचा प्रयत्न करतं: माणूस "हॅलो" म्हणून थांबतो, मशीन सलग चार-पाच सेकंद बोलत राहतं. स्क्रीनिंगचा फोन लांबलचक वाक्य बोलतो, डायलर समजतं की मशीन आहे, आणि कॉल सोडून देतं. म्हणजे बरेचसे स्पॅम कॉल आपल्या फोनच्या हुशारीने अडत नाहीत, तो लांब बोलतो म्हणून अडतात. यादीत नुसताच कॉल दिसतो, पुढे एक शब्द नाही, तिथे बहुतेक हेच झालेलं असतं.

आता परत लॅबच्या ताईंकडे. त्यांनी काय केलं? लांबलचक इंग्रजी वाक्य ऐकलं, वाटलं कॉल लागलाच नाही किंवा कुठलं तरी रेकॉर्डिंग आहे, आणि ठेवून दिला. त्या अगदी डायलरसारख्याच वागल्या, आणि त्यांची काहीच चूक नव्हती, दिवसभरात एवढे फोन करणाऱ्या बाईने रेकॉर्डिंगशी का बोलावं. चाळणीला दोघींत फरक करता आला नाही. शिवाय यंत्राने उचललं की कॉल लागला असं धरलं जातं, म्हणजे मिस्ड कॉल राहत नाही. रिक्षावाले काका खाली आल्यावर मिस्ड कॉल देतात, तो निरोपच यात पुसला जातो. २०१९ मध्ये ट्रायने मोबाइलची रिंग ३० सेकंद ठरवून दिली, कारण कंपन्या रिंग कमी करून दुसऱ्याला परत फोन करायला लावत होत्या, त्या तीस सेकंदांत माणूस वाट बघतो. फोननेच लगेच उचललं तर वाट बघणं नाही, थेट परीक्षा.

चुकीचा माणूस अडतोय हे ओळखायची एक खूण मला सापडली. दादाच्या यादीत दोन तऱ्हेचे कॉल होते, एक ज्यात काहीच अक्षरं नाहीत आणि एक ज्यात दोन-तीन वेळा हॅलो आणि पुढे न समजणारे तुकडे. पहिले डायलरचे. दुसरे जवळजवळ सगळे माणसांचे, मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्यांचे, ज्यांच्या भाषेचा अंदाज त्या इंग्रजी ऐकणाऱ्या यंत्राला लागला नव्हता. आम्ही त्या दुसऱ्या तऱ्हेतल्या सहा नंबरांना परत फोन लावला. एक कुरिअर, एक सोसायटीचा प्लंबर, एक आईची शाळेतली मैत्रीण जिने नंबर बदलला होता, दोन जणांनी उचललं नाही, आणि एक खरोखर लोनवाला. दादाने लॅबचा नंबर सेव्ह केलाय, अनोळखींसाठीचं स्क्रीनिंग आईचे रिपोर्ट संपेपर्यंत बंद ठेवलंय, आणि लोनवाले सध्या रोज वाजतात.