विश्वचषकाचा ड्रॉ: रिकामा गट दिसत असूनही संघ पुढे का ढकलला जातो?

फुटबॉल विश्वचषकाचा ड्रॉ झाला की ‘सगळं आधीच ठरलेलं होतं’ असे मेसेज सुरू होतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो, म्हणून १ एप्रिल २०२२ चा दोहामधला ड्रॉ नीट पाहू.

पॉटांची मांडणी सोपी होती. ३२ संघ आणि आठ-आठ संघांचे चार पॉट, म्हणजे चिठ्ठ्यांची भांडी; ए ते एच या आठ गटांत प्रत्येक पॉटमधला एकेक संघ. यजमान कतार पॉट १ मध्ये, बाकीच्यांसाठी ३१ मार्च २०२२ ची फिफा क्रमवारी. जुनी यादी धरून पॉट मांडाल तर हिशेब चुकेल. ज्या तीन जागांचे पात्रतेचे प्ले-ऑफ सामने व्हायचे होते, त्या थेट पॉट ४ मध्ये गेल्या, मग दावेदार कितीही वरच्या क्रमांकाचा असो.

मुख्य बंधन असं: एका गटात एका खंडाचा एकच संघ. युरोपचे १३ संघ असल्यामुळे त्यांना दोनपर्यंत मुभा होती. चिठ्ठीतला संघ ए, बी, सी या क्रमाने पहिल्या चालणाऱ्या गटात जातो.

अडतं ते इथे. प्ले-ऑफची एक जागा पेरू आणि आशियाई विजेता यांच्यातली होती. कोण जिंकणार हे माहीत नसल्याने त्या चिठ्ठीवर आशिया आणि दक्षिण अमेरिका, अशी दोन्ही बंधनं लागू. पहिले तीन पॉट संपले तेव्हा तिला चालणारे गट उरले फक्त दोन: डी (फ्रान्स, डेन्मार्क, ट्युनिशिया) आणि एफ (बेल्जियम, क्रोएशिया, मोरोक्को). बाकी सहांत आधीच आशियाचा किंवा दक्षिण अमेरिकेचा संघ होता.

आता समजा पॉट ४ मधून ए ते ई भरले आणि डी मध्ये कॅनडा गेला. उरले सौदी अरेबिया, ही प्ले-ऑफची चिठ्ठी आणि युरोपचा प्ले-ऑफ विजेता. चिठ्ठी निघाली सौदीची. एफ मध्ये आशियाचा संघ नाही, म्हणजे सौदी तिथेच जाणार असं कोणालाही वाटेल. पण तो तिथे गेला तर दोन खंडांच्या चिठ्ठीला जागाच उरत नाही: जी मध्ये ब्राझील, एच मध्ये उरुग्वे आणि दक्षिण कोरिया. म्हणून सौदी जी मध्ये, युरोपचा संघ एच मध्ये आणि एफ राखून ठेवायचा. यात लबाडी काही नाही. त्या क्षणी कारणाची एक ओळ पडद्यावर दाखवली, तर लोकांचा निम्मा संशय तिथेच मिटेल.

प्रत्यक्षात डी ची जागा या प्ले-ऑफला मिळाली, कॅनडा एफ मध्ये गेला आणि जूनमध्ये पेरूला पेनल्टीवर हरवून, आशियाकडून पात्रता खेळणारा ऑस्ट्रेलिया डी मध्ये आला.

आपल्या स्पर्धेत हीच पद्धत वापरणार असाल, तर प्रत्येक चिठ्ठीनंतर उरलेल्या सगळ्या संघांना जागा लागते का, हे आधी कागदावर मांडून बघा आणि मगच नाव जाहीर करा.