जुन्या ग्राफमधला स्पाइक कुठे गेला? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला दर महिन्याला तीन-चार फोन हमखास येतात, आणि तक्रार एकच असते. "गेल्या वर्षी सेलच्या दिवशी डेटाबेसची कनेक्शन्स शंभरावर गेली होती. आज तोच ग्राफ उघडला तर वीस-एकवीस दाखवतोय. तुम्ही आमचा डेटा उडवलात का?"

तो शंभराचा आकडा आजही आमच्याकडे आहे, फक्त तो मागायची पद्धत वेगळी आहे.

आम्ही दर १५ सेकंदांनी एक नोंद घेतो. म्हणजे एका मेट्रिकच्या एका सिरीजच्या दिवसाला ५,७६० आणि दोन वर्षांत सुमारे ४२ लाख नोंदी होतात. सहा महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी सव्वातीन वाजून तिसाव्या सेकंदाला काय चाललं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. वापर महिन्यागणिक किती वाढतोय, हे मात्र सगळेच विचारतात. म्हणून या नोंदी साठवणाऱ्या आमच्या थॅनोसच्या कॉम्पॅक्टरवर मुदती अशा ठेवल्या आहेत:

```
--retention.resolution-raw=15d
--retention.resolution-5m=90d
--retention.resolution-1h=730d
```

कच्च्या नोंदी १५ दिवस, पाच मिनिटांचा गोषवारा ९० दिवस आणि तासाचा गोषवारा दोन वर्षं. प्रत्येक गोषवाऱ्यात पाच आकडे असतात: नोंदी किती, त्यांची बेरीज, सर्वात लहान, सर्वात मोठा आणि काउंटरचा आकडा. हे पाचही धरले तरी ४२ लाखांच्या जागी साधारण तीन लाख आकडे उरतात. गोषवारा कच्च्या नोंदींइतका दाबला जात नाही, त्यामुळे डिस्कवरची बचत चौदा पटींपेक्षा कमी भरते. आणि एक गोष्ट बरेचजण विसरतात: नुसत्या डाउनसॅम्पलिंगने, म्हणजे गोषवारा काढल्याने, एक बाइटही वाचत नाही, उलट गोषवाऱ्याची भर पडते. जागा मोकळी होते ती मुदत संपलेल्या कच्च्या नोंदी पुसल्यावर.

आता तो हरवलेला स्पाइक. समजा एका तासात २४० नोंदी झाल्या. त्यांतल्या २३६ वेळा कनेक्शन्स २० होती आणि एका मिनिटासाठी, म्हणजे ४ नोंदींपुरती, १००. सरासरी निघते २१.३. ग्राफमध्ये नुसतं `db_connections` लिहिलं की जुन्या काळासाठी थॅनोस बेरजेला नोंदींच्या संख्येने भागून हीच सरासरी देतो. शंभराचा आकडा शेजारच्याच कप्प्यात पडून असतो, पण तुम्ही तो मागितलेला नसतो. मागायचा असा:

```
max_over_time(db_connections[$__interval])
```

`max_over_time` दिसलं की थॅनोस सर्वात मोठ्या आकड्याच्या कप्प्यात हात घालतो. इथे `[1h]` असं ठाम लिहू नका. वर्षभराच्या ग्राफवर ग्राफाना दोन बिंदूंमध्ये बारा तासांचं अंतरही ठेवू शकतो. तसं झालं तर बारांतला एकच तास तपासला जाईल, उरलेल्या अकरांतला स्पाइक पुन्हा निसटेल आणि फोन पुन्हा आम्हालाच येईल. `$__interval` लिहिलं की खिडकी बिंदूंमधल्या अंतराइतकीच राहते.

याच्या जोडीने पॅनेलच्या `Min step` मध्ये `5h` भरा. हे फक्त नव्वद दिवसांपलीकडचं बघणाऱ्या पॅनेलला. आमच्याकडे ऑटो-डाउनसॅम्पलिंग चालू असतं, आणि ते स्टेपच्या, म्हणजे दोन बिंदूंमधल्या अंतराच्या, पाचव्या हिश्शापेक्षा जाड गोषवारा वापरत नाही. तासाचा गोषवारा हवा तर स्टेप किमान पाच तासांची लागते. स्टेप लहान राहिली की जुना भाग कोरा दिसू शकतो. `rate(...[5m])` लिहिलेल्या पॅनेलचं दुखणं मात्र निराळं: तासाला एकच बिंदू असताना पाच मिनिटांच्या खिडकीत दोन बिंदू येणार कुठून?

पी-९५ सारखे आकडे तुमच्याच ॲप्लिकेशनमध्ये काढून पाठवत असाल, तर ते थांबवा. अनेक पी-९५ ची सरासरी म्हणजे पी-९५ नव्हे, आणि ही चूक नंतर कोणत्याही गोषवाऱ्यातून दुरुस्त होत नाही. हिस्टोग्रामच्या बकेट पाठवा. त्यांच्या मोजण्या काउंटर असल्याने `rate` काढून बेरजेला चालतात, आणि वर्षभरानंतरही पी-९५ चा अंदाज काढता येतो.

"मग कच्चा डेटाच दोन वर्षं ठेवा ना," असं काहीजण म्हणतात. ठेवतो, त्याचा वेगळा प्लॅन आहे. पण बहुतेकांना तो लागत नाही आणि आम्ही तसं आधीच सांगतो. लागतो तो अपघाताची सेकंदा-सेकंदाची कुंडली मांडणाऱ्यांना. तसा प्रसंग घडला तर १५ दिवसांच्या आत कळवा, तेवढा तुकडा आम्ही बाजूला काढून ठेवतो, जादा पैसे न घेता. सोळाव्या दिवशी मात्र आमचाही इलाज चालत नाही.

जुने डॅशबोर्ड दुरुस्त करायचे असतील तर त्यांची जेसन फाइल सपोर्टच्या तिकिटाला जोडा. कोणत्या पॅनेलला सरासरी चालेल आणि कोणत्याला कमाल लागेल, हे खुणा करून आम्ही परत पाठवू.