परदेशी जाताय? रजेच्या अर्जात देश आणि तारखा नीट लिहा, अर्ज परत येणार नाही

आपल्याकडं कोल्हापुरात गोकुळ शिरगाव, कागलच्या कंपन्यांत असोत की घरात बसून पुण्याच्या आयटी कंपनीचं काम करणारे असोत, बऱ्याच जणांना आता परदेशी जायचं असेल तर रजेसोबत कंपनीच्या सिक्युरिटी विभागाला कुठं, कधी जाणार याचं डिक्लेरेशन द्यावं लागतंय. फॉर्म दीड पानाचा पण नसतो, तरी अर्ज परत येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच. रजेच्या तारखा आणि प्रवासाच्या तारखा लोक एकच समजतात.

राजारामपुरीतल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. तो जर्मनीला भावाकडं जाणार, रजा सोमवार ११ मे ते शुक्रवार १५ मे २०२६, म्हणजे पाच दिवस. प्रवासाच्या रकान्यात पण त्यानं तेच ११ ते १५ टाकलं. पण शुक्रवारी ८ तारखेला दुपारी काम आटपून गाडीनं मुंबईला जायचं, विमान पहाटे चारचं म्हणजे तारीख पडली ९, आणि परत मुंबईत उतरणार रविवारी १७ ला सकाळी. मग सिक्युरिटीवाल्यांच्या दृष्टीनं माणूस ९ ते १७ देशाबाहेर, आणि कागदावर फक्त पाच दिवस. शनिवार-रविवारची रजा टाकायची नसते हे खरंय, पण त्या दिवशी तुम्ही भारतात नसता आणि त्यांना तेवढंच कळायला पाहिजे असतं. मधल्या शनिवारी कुणी तिकडनं मेल उघडला तर लॉगिन परदेशातनं दिसतं, अर्जात तो दिवस नाही, की अकाउंट लॉक.

तारीख तिकिटावरची टाका, कोल्हापूर सोडल्याची नाही. आणि मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर शेऱ्यात एक ओळ जादा लिहा, कारण इमिग्रेशन बाराच्या आत झालं तर पासपोर्टवर शिक्का आदल्या दिवसाचा पडतो, मग नंतर कुणी ताडून बघितलं की उगाच स्पष्टीकरणं देत बसा.

दुसरं, देश. "युरोप टूर" असं लिहिलेला अर्ज कुणीच पास करत नाही, देश आणि शहर दोन्ही लागतं. मित्राचं विमान दोह्यावरून होतं म्हणून कतार ट्रान्झिट म्हणून लिहावं लागलं, विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नव्हता तरी. एक दिवस स्ट्रासबर्ग बघून यायचं ठरलेलं, ते फ्रान्समध्ये येतं, शेंगेन व्हिसा एकच असला तरी देश वेगळाच, तो पण लिहायचा. आणि नेपाळ! पशुपतिनाथ, मुक्तिनाथला टूरबरोबर जाणारे हमखास विसरतात. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदान ओळखपत्रावर पण जाता येतं, म्हणून लोकांना ते परदेश वाटतच नाही. पण डिक्लेरेशन लागतंच, भूतानचं पण तसंच.

आता कागदांचा घोळ. कंपनी म्हणते कन्फर्म तिकीट आणि व्हिसाची कॉपी जोडा, आणि शेंगेन व्हिसाला कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र लागतं. आधी कुठला कागद आणायचा माणसानं? हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडत नाही, पळापळ आपली होते. यातनं वाट अशी की अर्ज आधीच टाकायचा, प्रवासाचा आराखडा जोडायचा, त्यावर "तात्पुरता" असं स्पष्ट लिहायचं आणि व्हिसा मिळण्याच्या अटीवर मंजुरी द्या अशी विनंती करायची. व्हिसा आला की खरं तिकीट त्याच अर्जाला जोडून तारखा अपडेट करायच्या, नवा अर्ज टाकायचा नाही, नाहीतर दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात पण ४५ पर्यंत पण जाऊ शकतात, तेव्हा हे सगळं फेब्रुवारी-मार्चातच सुरू केलेलं बरं.

मुदत पण बरेच जण चुकीची वाचतात. मित्राच्या पॉलिसीत "प्रवासाच्या १५ कामकाजाच्या दिवस आधी" असं होतं. तो रजेच्या ११ मे पासून पंधरा दिवस मागं मोजून २६ एप्रिल धरून बसलेला. मोजायचं ९ मे पासून, शनिवार-रविवार सोडून, १ मे ची सुट्टी पण सोडून, म्हणजे शेवटची तारीख येते शुक्रवार १७ एप्रिल. नऊ दिवसांचा फरक आहे हा. तुमच्या कंपनीत आकडा वेगळा असेल, पण मोजणी कुठनं आणि कुठल्या दिवसांची ते एचआरला मेलवर विचारून घ्या, तोंडी नको.

आणि मॅनेजरनी पोर्टलवर रजा मंजूर केली म्हणजे काम झालं असं समजू नका. सिक्युरिटीचा होकार वेगळा येतो, तो हातात येईस्तोवर पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. लॅपटॉप नेणार की नाही हा रकाना पण कोरा सोडू नका, नेणार नसाल तर "नाही" लिहा. नंतर विमान बदललं, एखादा दिवस वाढला, की त्याच दिवशी मेल टाका, परत आल्यावर नाही.