कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (पेट्रोल वाहनांतील)

पेट्रोल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तीन विषारी घटकांचे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत रूपांतर करणारा एक्झॉस्ट नळीतील डबा. मराठीत त्याला उत्प्रेरक परिवर्तक म्हणतात, पण गॅरेजमध्ये हे नाव कोणी घेत नाही. तिथे तो ‘कॅट’ किंवा ‘कॅटकॉन’ असतो. बरेच गाडीमालक त्याला सायलेन्सरचाच भाग समजतात. सायलेन्सर आवाज दाबतो आणि गाडीच्या मागच्या बाजूला असतो. कॅट त्याच्या बराच अलीकडे, नव्या गाड्यांत तर इंजिनाला जवळजवळ चिकटून असतो, कारण त्याला उष्णता लागते.

इंजिनातून निघणाऱ्या धुराचा फार मोठा भाग निरुपद्रवी असतो. हवेतून आलेला नायट्रोजन, जळणातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ यांनीच तो भरलेला असतो. वरचे तीन घटक मिळून त्यात साधारण एक टक्का भरतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन म्हणजे अपुरे जळालेले इंधन. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा उगम मात्र पेट्रोलमध्ये नाही. सिलिंडरमधील प्रचंड तापमानात हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जाऊन ती तयार होतात. त्यामुळे पेट्रोल कितीही शुद्ध केले तरी ती टळत नाहीत.

डब्याच्या आत सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्यातून आरपार हजारो बारीक चौकोनी नळ्या गेलेल्या असतात. दर चौरस इंचाला सुमारे ४०० नळ्या ही नेहमीची रचना. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिना या सच्छिद्र पदार्थाचा लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. या महाग धातूंचे एकूण वजन काही ग्रॅमच असते. लेपाच्या असंख्य छिद्रांमुळे एवढ्याशा धातूला अवाढव्य पृष्ठभाग मिळतो, आणि धूर डब्यातून सेकंदाच्या एका अंशात निघून जात असूनही त्याचा धातूशी संपर्क येतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. वायूंचे रेणू त्यांच्या पृष्ठभागावर क्षणभर चिकटतात, त्यांचे बंध सैल होतात, नवे रेणू जुळतात आणि सुटून जातात.

खरी गंमत अशी की या एकाच डब्यात दोन परस्परविरुद्ध कामे चालतात. कार्बन मोनॉक्साइडला आणि हायड्रोकार्बनला ऑक्सिजन द्यायचा असतो, म्हणजे त्यांचे ऑक्सिडीकरण करायचे असते:

2CO + O₂ → 2CO₂

नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून मात्र ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो, म्हणजे क्षपण. हे काम मुख्यतः ऱ्होडियम करतो:

2NO + 2CO → N₂ + 2CO₂

दुसऱ्या अभिक्रियेत एका विषाने दुसरे विष मारले जाते. पण धुरात मोकळा ऑक्सिजन जास्त असला, तर कार्बन मोनॉक्साइड त्याच्याशीच संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच बाहेर पडतात. ऑक्सिजन कमी पडला, तर उलट होते. ऑक्साइडे नष्ट होतात, पण कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन उरतात. तिन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी व्हायचा, तर इंजिनात हवा आणि पेट्रोल नेमक्या प्रमाणात जायला हवे. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असे आहे. त्यातून एखाद्या टक्क्याने ढळले तरी एका बाजूची सफाई घसरू लागते.

कार्ब्युरेटरला इतकी अचूकता जमत नसे. म्हणून एक्झॉस्ट नळीत, कॅटच्या आधी, ऑक्सिजन सेन्सर बसवतात. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो, संपला असेल तर सुमारे ०.९. त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल किंचित वाढवतो, मग किंचित कमी करतो. त्यामुळे प्रमाण १४.७ वर स्थिर राहत नाही, ते त्याच्या दोन्ही बाजूंना सतत हेलकावत असते. हे हेलकावे पचवण्यासाठी लेपात सिरियम ऑक्साइड मिसळलेले असते. ऑक्सिजन जास्त आला की ते तो साठवते, कमी पडला की सोडते. कॅटची प्रकृती ओळखायची ती या साठवणीवरून. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले की लागणाऱ्या हवेचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, पण सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहतो, प्रमाणाचा आकडा नव्हे. त्यामुळे जुळवून घेण्याच्या मर्यादेत संगणक पेट्रोल वाढवून हिशेब मिळवतो.

थंड कॅट काहीही करत नाही. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला तो जागा होतो. मुंबईत थंडी अशी नसतेच, तरी ३० अंशांपासून तिथवर जायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी आपला धूर जवळपास जसाच्या तसा सोडते. आधुनिक गाडीच्या एका फेरीतले बरेचसे प्रदूषण सुरुवातीच्या मिनिट-दोन मिनिटांत होते ते यामुळेच. सोसायटीच्या गेटमधून निघून नाक्यावरच्या दुकानापर्यंत जाणारी गाडी कॅट असूनही नसल्यासारखी चालते. सिग्नलमागून सिग्नल थांबत जाणाऱ्या गाडीचा कॅट मात्र, लोकांना वाटते त्याच्या उलट, चांगला तापलेला राहतो. कॅट इंजिनाजवळ सरकवण्यामागे हेच थंड मिनिट कमी करण्याचा हेतू आहे.

कॅटचा जुना शत्रू शिसे. पूर्वी इंजिनातली ठोक टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. शिसे धातूच्या कणांवर थर धरते आणि कॅट कायमचा निकामी करते. म्हणून १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्याबरोबरच तिथे शिसेविरहित पेट्रोल विकायला सुरुवात करावी लागली. अडचण होती ती शहराबाहेर. कन्व्हर्टरची नवी गाडी घेऊन गावी निघालेल्याला वाटेत शिसेविरहित पेट्रोल मिळेलच असे नव्हते, आणि शिशाच्या काही टाक्या कॅट मारायला पुरेशा होत्या. हा प्रश्न २००० साली देशभरातले पेट्रोल शिसेविरहित झाल्यावर सुटला. गंधकही कॅटला मंद करते, पण शिशाइतके कायमचे नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ इंधनात ते दहा लाखांत १० भागांवर आणले आहे.

आजच्या गाड्यांत कॅट मरतो तो बहुतेकदा इंजिनाच्या दुसऱ्याच बिघाडामुळे. पावसाळ्यात मुंबईच्या गॅरेजांत येणारी नेहमीची तक्रार घ्या. हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, चारपैकी एका सिलिंडरच्या इग्निशन कॉइलमध्ये ओल गेली आणि तिथली ठिणगी बंद पडली. गाडी ‘मिसिंग’ करू लागली. मालक तशीच ती पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्याकडे नेतो. ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला १५ किलोमीटर धरले, तर तासाला ४ लिटर पेट्रोल लागते. त्यातला चौथा भाग, म्हणजे तासाला १ लिटर, न जळता आपल्या वाट्याच्या हवेसह तापलेल्या कॅटमध्ये जातो आणि तिथे जळतो. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे डब्यात जवळजवळ ९ किलोवॅट उष्णता निर्माण होते. घरातले चार गिझर एकदम लावावेत तेवढी. तासाला पन्नासेक किलो धुराला ही उष्णता मिळाली, तर त्याचे तापमान हिशेबाने सुमारे ६०० अंशांनी चढते. थोडी उष्णता नळीतून निसटते हे धरले, तरी ठोकळा १,००० अंशांच्या आसपास जातो. तिथे धातूचे सूक्ष्म कण न वितळताही सरकून एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग घटतो आणि तो परत येत नाही. आणखी तापला तर सिरॅमिकच वितळते.

त्यात सेन्सर भर घालतो. बंद सिलिंडरमधून आलेला ऑक्सिजन पाहून त्याला वाटते की पेट्रोल कमी पडतेय, आणि तो संगणकाकडून आणखी पेट्रोल मागवतो. म्हणून अनेक गाड्यांत मिसिंग ओळखले गेले की संगणक त्या सिलिंडरचे इंजेक्टर बंद करतो आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर थांबायला हवे, कारण त्याचा अर्थच कॅट धोक्यात आहे असा असतो. स्कॅनर लावल्यावर अशा वेळी P0301 ते P0304 यांपैकी कोड दिसतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा.

कॅट आधीच निकामी झाला असेल तर कोड असतो P0420. तो कसा ठरतो हे पाहण्यासारखे आहे. कॅटच्या नंतरही एक ऑक्सिजन सेन्सर असतो. निरोगी कॅटमध्ये सिरियम हेलकावे पचवते, म्हणून पहिल्या सेन्सरचा आलेख वरखाली नाचत असताना दुसऱ्याचा जवळपास सपाट राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला, तर साठवण संपली. मात्र कॅटच्या आसपासची नळी फुटून बाहेरची हवा आत येत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. ती तपासल्याशिवाय महागडा कॅट बदलायला सांगणाऱ्यावर विसंबू नये. ठोकळा वितळून नळ्या बुजल्या तर गाडी चढावर दम टाकते, आणि तडा जाऊन तुकडे सुटले तर डब्यावर टिचकी मारताच खडखड ऐकू येते.

काही जण खर्च टाळण्यासाठी आतला ठोकळा फोडून डबा रिकामा करून घेतात. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल मोटारींच्या पीयूसी तपासणीत इंजिन रिकामे चालत असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि रिकाम्या डब्याने तो आकडा गाठणे कठीण जाते. बीएस-२ व बीएस-३ गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के आहे. तिथे नीट ट्यून केलेले इंजिन कधी कधी कॅटविनाही निभावून जाते. शिवाय या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. म्हणजे ऱ्होडियमचे काम थांबले आहे की चालू, हे पीयूसीच्या कागदावरून कळत नाही. कॅटमधून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न वेगळाच. तो कमी होत नाही, उलट कार्बन मोनॉक्साइडच्या रूपांतरामुळे किंचित वाढतो, आणि तो कमी करण्याचा एकच मार्ग म्हणजे पेट्रोल कमी जाळणे.